मार लागून दात हलला: तार किती दिवस ठेवायची आणि नंतर कधी कधी दाखवायचं?

फुटबॉल खेळताना कोपर लागतं, तालमीत समोरच्याचं डोकं आपटतं, पावसाळ्यात गाडी घसरते, आणि वरचे पुढचे दात मार खातात. असा मार लागलेला पक्का दात सैल झाला किंवा सरकला, पण तोंडातच राहिला, तर काय करतात, एवढ्यापुरतंच हे पान आहे. दात मुळासकट निघून हातात आला असेल तर हे वाचत बसू नका. तो मुळाला न धरता दिसणाऱ्या भागाला धरून परत खाचेत बसवा, जमत नसेल तर दुधात ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

दात हलतोय, पण जागेवरच आहे. तार बांधावीच लागते का?

बऱ्याचदा नाही. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो आणि दात त्या तंतूंवर तोललेला असतो. मार लागला की त्यातले काही तंतू तुटतात, हिरडीच्या कडेतून थोडं रक्त येतं आणि दात बोटाने हलतो. दात आपल्या जागेवरून सरकलेला नसेल तर आठवडाभर मऊ खाणं आणि त्या दाताने चावणं टाळणं एवढं पुरतं. दात फारच हलत असेल, किंवा वरचे-खालचे दात टेकले तरी कळ येत असेल, तर तारेचा आधार देतात. तोही जास्तीत जास्त दोन आठवडे.

दोन दातांना मार लागलाय. एक हलतोय, दुसरा आत गेलाय पण घट्ट आहे. काळजी कुठल्याची करायची?

घट्ट असलेल्याची. इथे बहुतेक घरांची फसगत होते. एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. सतरा वर्षांचा मुलगा, पेठेतल्या संघाकडून खेळणारा. हेडरला उडी मारताना समोरच्याचं कोपर वरच्या ओठावर बसलं. मधल्या दोन पटाशीच्या दातांपैकी डावा सरळ आहे, पण हलतो आणि हिरडीतून रक्त आलंय. उजवा टाळूच्या बाजूला आत झुकलाय आणि जागचा हलत नाही. वडील म्हणतात, “डॉक्टर, आत गेलेला घट्टच हाय, हालतोय तो बघा आधी.”

खरं तर उलटं आहे. उजव्या दाताचा दिसणारा भाग आत गेला तेव्हा त्याच्या मुळाचं टोक ओठाच्या बाजूला ढकललं गेलं आणि तिथला हाडाचा पातळ पापुद्रा फोडून त्यात रुतून बसलं. दात घट्ट लागतो तो रुतल्यामुळे. आरशाच्या दांडीने टकटक केलं तर शेजारच्या दाताचा आवाज बद्द येतो, याचा धातूवर मारल्यासारखा खणखणीत येतो. ओठ उचलून मुळाच्या टोकापाशी हिरडीवर बोट फिरवलं तर उंचवटाही लागतो. डाव्या दाताचे नुसते तंतू दुखावले आहेत. उजव्याचे तंतू तुटलेत, हाड मोडलंय आणि मुळाच्या टोकातून आत जाणारी नसही बहुधा तुटली आहे.

पुढचं सगळं, म्हणजे तार किती दिवस, तपासण्या किती आणि रूट कॅनाल लागेल का, या फरकावरून ठरतं. दात किती हलतो यावरून ठरत नाही.

एका दातासाठी तीन-चार एक्स-रे कशाला?

एकाच कोनातून काढलेल्या एक्स-रेमध्ये आत किंवा बाहेर झुकलेला दात चक्क सरळ दिसू शकतो. मूळ मध्येच मोडलं असेल आणि भेग तिरकी असेल तर तीही लपते. म्हणून एक समोरून, दोन वेगवेगळ्या कोनांतून आणि एक फिल्म दातांच्या मध्ये आडवी धरून, असे काढतात. ओठ फाटला असेल आणि दाताचा तुकडा उडालेला असेल तर ओठाचाही एक काढायला सांगा. तो तुकडा ओठात रुतून राहिल्याची उदाहरणं आहेत.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचं?

आधी डोक्याकडे बघा. मार लागल्यावर शुद्ध हरपली असेल, उलटी झाली असेल, तो गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर दाताचं नंतर. कोल्हापुरात असाल तर सरळ सीपीआर रुग्णालयाचा, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्याचा अपघात विभाग गाठा. तसं काही नसेल तर पाण्याने चूळ, स्वच्छ रुमालाची घडी हलकेच चावून धरणं आणि ओठावर बाहेरून बर्फ. दात मागेपुढे हलवून बघू नका. घरातले चारजण चार वेळा हलवून बघतात आणि उरलेसुरले तंतूही जातात. मिश्री, लवंग तेल, हळद यांतलं काहीही हिरडीत भरू नका. मैदानातली माती जखमेत गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

त्याच दिवशी पोहोचा. सरकलेला दात जितक्या लवकर जागेवर येईल तितका सहज येतो. दोन-तीन दिवसांत तिथे गुठळी घट्ट होते आणि मग दात बसवायला जोर लागतो.

सरकलेला दात जागेवर बसवतात कसा? दुखतं का?

भूल देऊनच करतात, त्यामुळे दाब जाणवतो, कळ नाही. उजव्या दाताचं मूळ हाडात अडकलेलं असल्याने नुसता पुढे ओढून तो येत नाही. डॉक्टर एक बोट ओठाखाली, मुळाच्या टोकाच्या उंचवट्यावर ठेवून खाली दाबतात. मूळ अडकलेल्या जागेतून सुटतं, तेव्हा कधी कधी ‘टक’ असं कळतं. मग टाळूच्या बाजूने अंगठा लावून दात पुढे आणतात. मोडलेला हाडाचा पापुद्राही बोटांनीच दाबून बसवतात. त्यानंतर तोंड मिटायला लावून दात एकमेकांवर बरोबर टेकतात का ते बघतात. ही पायरी चुकली आणि दात जरा लांब राहिला, तर पुढचे दिवसरात्र प्रत्येक घासाला तोच मार खात राहतो.

स्प्लिंट म्हणजे नेमकं काय? वेडेवाकडे दात सरळ करायची तार तीच का?

नाही. ती तार दाताला ओढते, ही नुसतं धरून ठेवते. साधारण ०.४ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक स्टीलची तार दातांच्या गोलाईप्रमाणे आधीच वाकवून घेतात, म्हणजे ती लावल्यावर दातांवर ताण देत नाही. मार लागलेल्या दातांच्या दोन्ही बाजूंचा एकेक धडका दात आधाराला घेतात. आपल्या मुलाच्या बाबतीत मधले दोन आणि बाजूचे दोन, अशा चार दातांवर तार येते. प्रत्येक दाताच्या पुढच्या पृष्ठभागाच्या मध्यावर आम्ल-जेल लावून, धुऊन, वाळवून दाताच्या रंगाच्या भरणीचा, म्हणजे कॉम्पोझिटचा, लहान ठिपका ठेवतात, त्यात तार बसवतात आणि निळ्या उजेडाने तो कडक करतात. आधी बाजूचे धडके दात पक्के करायचे आणि मार लागलेले दात बरोबर जागी धरून शेवटी चिकटवायचे, हा क्रम महत्त्वाचा. काही ठिकाणी तारेऐवजी मासे धरायचा नायलॉन दोरा वापरतात. तोही चालतो.

ठिपका हिरडीपासून लांब हवा आणि दोन दातांच्या फटीत उतरलेला नको. तसं झालं तर तिथे अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि खालची जखम भरायला वेळ लागतो. तार लावल्यावर आरशात बघा. हिरडीची कड मोकळी दिसायला हवी.

मग किती दिवस ठेवायची?

मोडलंय काय, यावर अवलंबून. नुसते तंतू तुटले असतील तर ते दोन आठवड्यांत दाताला सांभाळण्याइतके जुळतात. म्हणून जागेवरच हललेल्या दाताला जास्तीत जास्त दोन आठवडे, आणि खाचेतून खाली लोंबल्यासारख्या लांब झालेल्या दातालाही दोन आठवडे. हाड मोडलं असेल तर ते धरायला जास्त वेळ लागतो. म्हणून आपल्या मुलाच्या उजव्या दातासारखा आडवा सरकलेला दात असेल तर चार आठवडे. मूळ मध्यावर किंवा टोकाकडे मोडलं असेल तरी चार आठवडे. मूळ हिरडीजवळ मोडलं असेल तर मात्र मुदत लांबते, कधी चार महिन्यांपर्यंत जाते. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत याच मुदती दिल्या आहेत आणि बहुतेक डॉक्टर त्याच पाळतात.

दोन दातांच्या मुदती वेगळ्या असतील तर जास्त दुखावलेल्याची धरायची. म्हणून आपल्या मुलाची तार चार आठवडे राहील. दाताभोवतीच्या हाडाची कडच चुरगळली असेल तर डॉक्टर आणखी काही आठवडे वाढवतात.

“राहू दे की अजून दोन महिने, घट्ट होऊ दे चांगला.” त्यात बिघडलं कुठं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण दाताला हवा असलेला घट्टपणा तंतूंचा आहे, हाडाचा नाही. चावताना दात जरासा दबतो आणि परत येतो. बऱ्या होणाऱ्या तंतूंना तेवढी हालचाल मिळाली तर ते नीट जुळतात. म्हणूनच तार बारीक आणि लवचीक घेतात. जाड, ताठ तार महिनोन्महिने ठेवली तर तंतूंच्या जागी हाड वाढून मुळाला थेट चिकटण्याची शक्यता वाढते. मग शरीर त्या मुळालाच हाड समजून हळूहळू झिजवतं आणि त्या जागी हाड भरतं. हे सुरू झालं की थांबवायचा खात्रीचा उपाय नाही. वाढत्या वयाच्या मुलात तर जबडा खाली वाढतो, हा दात तिथेच राहतो आणि दोन-तीन वर्षांत शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो.

ठरल्या तारखेला तार काढायला न जाणं हे म्हणूनच नुसतं आळसाचं काम नाही. सुट्टी, लग्नसराई, परीक्षा, काहीही असो, दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतील, महिने नाहीत.

तार असताना खायचं काय?

पहिला आठवडा मऊ. मऊ भात, वरण, खिचडी, दुधात कुस्करलेली चपाती, केळं. पांढरा रस्सा कोमट करून प्यायला हरकत नाही, मटणाचे तुकडे मात्र दाढेने खा आणि हाड चोखायचं सोडा. तांबडा रस्सा आणि मिसळ जखम असेपर्यंत झोंबतील, नाहीतर त्यांनी दाताचं काही बिघडत नाही. ऊस, भडंग, कडक भाकरी, पेरू, कणीस पुढच्या दाताने तोडायचं नाही, हे तार निघेपर्यंत. पुढेही काही दिवस सांभाळून.

घासणं बंद करू नका. मऊ ब्रशने हिरडीकडून दाताकडे, तारेच्या वर आणि खाली वेगवेगळं घासा. सोबत ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या चुळा दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. आपल्याकडे दुकानात बहुधा ०.२ टक्क्याचं मिळतं, त्यात पाणी किती घालायचं ते डॉक्टरांना विचारा. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, ते सफाईत निघतात. अँटिबायोटिक अशा दुखापतीत सरसकट लागत नाही. मिळालं नाही म्हणून उपचार अपुरा झाला असं समजू नका.

सराव, सामना, कुस्ती, तार असेपर्यंत बंद.

मध्येच एक ठिपका सुटला आणि तार टोचायला लागली तर?

तार घरी कापू नका, ओढू नका. टोकावर थोडं मेण लावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दाखवा. बाजूच्या धडक्या दाताचा ठिपका सुटला तर फारशी घाई नाही असं वाटतं, पण मग मार लागलेल्या दाताचा एका बाजूचा आधारच गेलेला असतो.

तार काढताना दात परत निघेल का?

नाही. कॉम्पोझिट बर नावाच्या बारीक फिरत्या हत्याराने खरवडून काढतात आणि दात घासून गुळगुळीत करतात. भूल लागत नाही. मी आधी मार लागलेल्या दातांवरचे ठिपके सोडवतो, दात किती हलतो ते बघतो आणि मगच बाकीची तार काढतो. काढल्यावर दात जरासा हलतो हे ठीक आहे, एक-दोन आठवड्यांत तो स्थिर होतो. अजिबात हलत नाही आणि टकटक केल्यावर खणखणीत वाजतो, तर मला ते जास्त खटकतं.

तार निघाली, दात घट्ट आहे, दुखत नाही. मग परत परत यायचं कशासाठी?

तार तंतूंसाठी आणि हाडासाठी होती. नसेचं काय झालं हे अजून कळलेलंच नाही, आणि ते कळायला तीन महिनेही लागतात.

आपल्या मुलाचं वेळापत्रक बघू. उजव्या, आडव्या सरकलेल्या दातासाठी तपासण्या दोन, चार, आठ आणि बारा आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी असं निदान पाच वर्षं. डाव्या, नुसत्या हललेल्या दातासाठी दोन आणि बारा आठवडे, सहा महिने आणि एक वर्ष. दोघांचं एकत्रच बघतात, त्यामुळे फेऱ्या वाढत नाहीत. प्रत्येक वेळी थंड लावून बघतात, टकटक करतात, रंग बघतात, हलवून बघतात आणि एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून बघतात.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही दातांना थंड लागलं नाही. घरचे घाबरले, पण मार बसलेली नस तीन महिन्यांपर्यंत गप्प राहू शकते आणि मग जागी होते. नुसतं थंड लागत नाही यावरून नस मेली असं ठरवत नाहीत. त्याच्या जोडीला निदान आणखी एखादी खूण लागते. टकटक केल्यावर दुखणं, हिरडीवर पुटकुळी, रंग करडा होणं किंवा एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर जागा. चौथ्या आठवड्यात तार काढली तेव्हा एक्स-रे स्वच्छ होता आणि बाकी काही नव्हतं. आठव्या आठवड्यात उजवा दात करडा दिसायला लागला, टकटक दुखली आणि टोकाशी सावली आली. अशा तीन गोष्टी जुळल्यावर वाट बघायची नाही. रूट कॅनाल सुरू केलं, आत काही आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध ठेवलं आणि मग कायमचं भरलं. बाराव्या आठवड्यात डाव्या दाताला थंड लागलं. त्याला हात लावायची गरज पडली नाही.

मूळ पूर्ण वाढलेला दात आडवा सरकला असेल तर त्याची नस मरण्याची शक्यताच जास्त असते. म्हणून काही डॉक्टर दुसऱ्या आठवड्यापासूनच रूट कॅनालचा विचार सुरू करतात. तुमच्या डॉक्टरांनी तसं सुचवलं तर त्यात घाई झाली असं धरू नका.

दुखत नसेल तर मेलेली नस तशीच ठेवली तर?

हेच धोक्याचं. मेलेल्या नसेत जंतू वाढतात आणि दुखावलेल्या मुळाच्या पृष्ठभागातून त्यांचा त्रास बाहेर पोहोचतो. शरीर त्यावर धावून जातं आणि त्या लढाईत मूळच कुरतडलं जातं. दुखत नाही, सूज नाही, आणि काही आठवड्यांतच एक्स-रेमध्ये मुळाच्या कडेला खड्डे दिसतात. वेळेत सापडलं तर रूट कॅनालने हे थांबतं. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतल्या फेऱ्या सर्वांत महत्त्वाच्या.

दात पिवळा पडलाय. रूट कॅनाल करायचं?

नुसत्या पिवळेपणासाठी नाही. नस जिवंत राहून आतली पोकळी हळूहळू बुजत जाते तेव्हा दात पिवळसर दिसतो. त्याला नजर ठेवण्यापलीकडे काही लागत नाही. करडा रंग मात्र दाखवायचा.

आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्यालाही हेच लागू?

पक्का दात असेल तर तारेच्या मुदती त्याच. पण आठव्या वर्षी पुढच्या दाताच्या मुळाचं टोक अजून रुंद उघडं असतं, त्यातून नवा रक्तपुरवठा आत जाऊ शकतो आणि नस वाचायची चांगली शक्यता असते. म्हणून इथे रूट कॅनालची घाई करत नाहीत. खुणा जास्त सावधपणे आणि जास्त वेळा तपासतात. मूळ वाढत राहिलंय असं एक्स-रेमध्ये दिसलं की आत जीव आहे. दुधाच्या दाताचं गणित वेगळं आहे, तिथे बहुतेक वेळा तार लावतच नाहीत.

वर्षभरात मुलगा पुण्याला शिकायला जाणार. पुढच्या तपासण्या तिथे केल्या तर चालतील?

चालतील, फक्त कागद सोबत द्या. मार कधी लागला, कुठला दात किती आणि कुठल्या बाजूला सरकला होता, तार कधी लावली आणि कधी काढली, दर वेळी थंड लागलं की नाही, आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे. नुसता मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो नको, मूळ फाइल मागून घ्या. नव्या डॉक्टरांना एक्स-रे त्याच कोनातून काढायला सांगा, कारण कोन बदलला की मुळाची लांबी वेगळी दिसते आणि ते झिजलंय की नाही हे ताडता येत नाही.